गल्ला भरला, मग पैसे गेले कुठे?

नमस्कार. बार्शीत माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. माल सुरतेहून येतो. सगळ्यात जास्त खपते ती १,४०० रुपयांची साडी. तिच्यावर मी ४० टक्के मार्जिन ठेवते आणि पिको-फॉल मोफत करून देते. जीएसटी कंपोझिशनमध्ये भरते. दिवाळीआधीच्या पंधरा दिवसांत एरवी या साडीचे १२० नग जातात. गेल्या वर्षी १० टक्के सूट दिली, फ्लेक्स आणि हँडबिलांवर ३,००० रुपये घातले, तर १६० गेले. गल्ला रोज भरलेला दिसायचा. पण व्यापाऱ्याचं बिल भागवताना पैसे कमी पडले आणि उशिराबद्दल त्याने महिना दीड टक्क्याने व्याज लावलं. यंदा समोरच्या दुकानाने २० टक्क्यांची पाटी लावली आहे. माझे दीर म्हणतात, "वहिनी, आपणही २० देऊ. चाळीसातले वीस गेले तरी वीस उरतात, दुप्पट विकलं की झालं." खरंच भागेल का? ६० जुन्या साड्याही दोन दिवाळ्यांपासून कपाटात पडून आहेत. भाडं, दोन मुलींचे पगार आणि लाइट मिळून महिन्याला ४०,००० जातात. एका पार्सलचं बिल आणि किरकोळ खर्चाचा कागद सोबत जोडला आहे.
— एक दुकानदार, बार्शी

ताई, नाही भागणार. २० टक्के सूट दिलीत आणि बाकी सगळं आजच्यासारखंच ठेवलंत, तर नेहमीइतकेच पैसे हातात राहायला दुप्पट नाही, तेरापटीहून जास्त साड्या विकाव्या लागतील. आकडा ऐकून विश्वास बसणार नाही, म्हणून तुमच्याच कागदांवरून एका साडीचा हिशेब मांडतो. एक साडी नीट समजली की बाकीचं आपोआप समजतं.

तुम्ही पाठवलेलं बिल १०० साड्यांचं आहे. दर ९४०, म्हणजे ९४,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी ४,७००. ट्रान्सपोर्टचं भाडं आणि हमाली मिळून १,३००. एकूण बरोबर एक लाख. कंपोझिशनमध्ये असल्यामुळे खरेदीवर भरलेला जीएसटी तुम्हाला परत मिळत नाही, तो मालाच्या किमतीतच मुरतो. म्हणजे साडी तुमच्या दुकानात येईपर्यंत १,००० रुपयांना पडली. विकता १,४०० ला. मधे राहिले ४००.

या ४०० ला तुम्ही ४० टक्के म्हणता, कारण तुम्ही ते हजारावर मोजता. बाजारात सगळेच तसं मोजतात, "चाळीस टक्के चढवले" असंच म्हणतात, आणि भाव ठरवताना त्यात काही चूक नाही. पण सूट हजारावर द्यायची नसते. ती १,४०० वर द्यायची असते, कारण गिऱ्हाईक पाटीवरची किंमत बघतं, तुमचं खरेदीचं बिल नाही. १,४०० मध्ये ४०० म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टक्के. तुमच्या दिरांनी चाळीसातून वीस वजा केले ते इथे चुकतं. चाळीस हे खरेदीवरचे आहेत आणि वीस विक्रीवरचे, त्यांची वजाबाकी होतच नाही. १,४०० चे २० टक्के म्हणजे २८० रुपये. ४०० मधून २८० गेले की उरले १२०. म्हणजे नफा निम्मा उरत नाही, तीनदशांश उरतो. एवढ्यावरच थांबलो तरी १२० च्या जागी ४०० साड्या विकायला हव्यात.

पण एवढ्यावर थांबून चालत नाही, कारण ते ४०० तरी पूर्ण कुठे तुमचे आहेत? तुमच्या दुसऱ्या कागदावर तीन किरकोळ खर्च आहेत. पिको-फॉल करणाऱ्या बाईंना फॉलसकट ७८ रुपये. पिशवी ८ रुपयांची. आणि कंपोझिशनचा एक टक्का कर, १,४०० वर १४ रुपये. तिन्ही मिळून शंभर. हे शंभर रुपये प्रत्येक साडीमागे जातात, साडी विकली नाही तर जात नाहीत. म्हणजे पूर्ण भावात एक साडी विकली की खरे हातात राहतात ३०० रुपये.

भाडं, पगार आणि लाइट मी इथे मुद्दाम धरले नाहीत. १२० साड्या गेल्या काय किंवा २०० गेल्या काय, ते तेवढेच राहतात. सूट द्यावी की नाही हे ठरवताना विचारायचं ते इतकंच, की प्रत्येक साडीमागे उरणाऱ्या रुपयांतून तो खर्च भागून घराला किती राहतं. पण सूट आहे म्हणून पंधरा दिवसांसाठी तिसरी मुलगी ठेवलीत तर तिचा पगार मात्र सूटीच्या खात्यावर टाका, फ्लेक्सच्या पैशांसारखाच.

आता गेल्या वर्षीची १० टक्के सूट बघू. साडी गेली १,२६० ला. खरेदी १,०००, पिको-फॉल ७८, पिशवी ८. कर थोडा उतरून १२ रुपये ६० पैसे. हातात राहिले १६१ रुपये ४० पैसे. १,४०० वरची १० टक्के सूट लहान वाटते, पण तुमच्या ३०० पैकी १३८ रुपये ६० पैसे तिने नेले. जवळजवळ निम्मे.

आता यात जी गोष्ट सहसा कुणी मोजत नाही ती मोजू. त्या १६० साड्यांपैकी १२० एरवीही गेल्याच असत्या, पूर्ण भावात. त्या १२० गिऱ्हाइकांना सूट नसती तरी साडी हवीच होती. त्यांच्यावर तुम्ही १२० गुणिले १३८.६० म्हणजे १६,६३२ रुपये सोडले. सूट लावली त्या दिवशी हा खड्डा पडला, आणि तो फक्त जास्तीच्या साड्या भरू शकतात. प्रत्येक जास्तीची साडी त्यात १६१ रुपये ४० पैसे टाकते. खड्डा पुरता बुजायला १०४ जास्तीच्या साड्या लागतात. तुमच्या गेल्या ४०. म्हणजे एकूण २२४ विकायला हव्या होत्या आणि १६० विकल्या. फ्लेक्स-हँडबिलांचे ३,००० धरले तर २४२.

हा आकडा काढायची रीत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

लागणारे नग = नेहमीचे नग × नेहमी उरणारे रुपये ÷ सूट दिल्यावर उरणारे रुपये

१२० गुणिले ३०० म्हणजे ३६,०००. त्याला १६१.४० ने भागलं की २२३ च्या थोडं वर, म्हणजे २२४. सूटीसाठी वेगळा खर्च केला असेल तर तो भागण्याआधी ३६,००० मध्ये मिळवायचा. टक्क्यांत हिशेब करू नका. टक्के कशावरचे आहेत याचा गोंधळ इथेच होतो. रुपयांत तो होत नाही.

गल्ला भरलेला का दिसत होता तेही याच आकड्यांत आहे. १६० साड्या १,२६० ने म्हणजे २,०१,६०० रुपये. नेहमीच्या १२० साड्या १,४०० ने म्हणजे १,६८,०००. गल्ल्यात ३३,६०० रुपये जास्त आले, हे खरंच. पण ४० साड्या जास्त गेल्या म्हणजे सुरतेचं बिलही ४०,००० ने वाढलं. गल्ला वाढला त्याहून बिल जास्त वाढलं. तुम्हाला बिल भागवता आलं नाही ते इथे, तुमच्या खर्चिकपणामुळे नाही.

हे त्या पंधरा दिवसांत कळत नाही, कारण पैसे आधी येतात आणि जायचे ते नंतर जातात. व्यापाऱ्याचं बिल उधारीवर असतं. कंपोझिशनचा कर तिमाहीला भरायचा असतो, दिवाळीच्या विक्रीचा जानेवारीत. पिको-फॉलवाल्या बाई आठवड्याला हिशेब करतात. तोवर गल्ल्यातले पैसे आपलेच वाटतात. सगळं वजा केलं तर तुमच्याकडे राहिले २५,८२४. त्यातून फ्लेक्स-हँडबिलांचे ३,००० आणि अर्ध्या महिन्याचं भाडं, पगार, लाइट यांचे २०,००० काढा. घराला उरले २,८२४ रुपये. सूट न देता १२० च विकल्या असत्या तर ३६,००० मधून २०,००० जाऊन १६,००० उरले असते. पंधरा दिवस तुम्ही आणि मुलींनी जास्त गाठी सोडल्या, जास्त घड्या घातल्या, आणि १३,१७६ रुपये कमी घेऊन घरी गेलात. दिवाळीच्या तोंडावर ही रक्कम लहान नाही.

आमच्या घरचं कापडाचं दुकान होतं तेव्हा वडिलांनी एका संक्रांतीला सगळ्या मालावर सूट लावली होती. मी वही लिहायचो. रोज रात्री नोटा मोजताना आम्हाला वाटायचं की आजवरची सगळ्यात चांगली संक्रांत चालली आहे. मार्चमध्ये व्यापाऱ्यांची खाती मिटवायला बसलो तेव्हा आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. चूक कुठे झाली हे त्या वेळी आमच्यापैकी कुणालाही सांगता आलं नाही, कारण विक्री तर वाढली होती. तुमचं पत्र वाचताना ती रात्र पुन्हा डोळ्यांसमोर आली. म्हणून एवढं सविस्तर लिहितो आहे.

आता दिरांच्या २० टक्क्यांकडे येऊ. भाव १,१२०. खरेदी १,०००, पिको-फॉल ७८, पिशवी ८, कर ११ रुपये २० पैसे. उरतात २२ रुपये ८० पैसे. ३६,००० भागिले २२.८० म्हणजे १,५७९ साड्या. पंधरा दिवसांत, रोज १०५. दोन मुली असलेल्या दुकानात हे होत नाही. एका गिऱ्हाइकापुढे वीस साड्या उलगडाव्या लागतात, पदर लावून दाखवावा लागतो, मग घरच्यांना फोन होतो. तुमची नेहमीची चाल दिवसाला आठ साड्यांची आहे, गेल्या वर्षी सगळी धावपळ करून ती पावणेअकराच्या आसपास गेली. समजा त्या १,५७९ खपल्याच, तरी त्यासाठी पंधरा लाखांहून जास्त रुपयांचा माल आधी सुरतेहून आणून ठेवावा लागेल. आणि उरलेला माल मग दिवाळी झाल्यावर तुमच्या कपाटात येतो, त्या ६० साड्यांच्या शेजारी.

पण हाच हिशेब पिको-फॉलचे पैसे घेऊन करून बघा. २० टक्क्यांत ७८ रुपये वाचले की साडीमागे १०० रुपये ८० पैसे उरतात, आणि १,५७९ चे ३५८ होतात. तेही अशक्यच आहेत, पण फरक किती पडला ते बघा. १० टक्क्यांच्या सूटीत तर उरतात २३९ रुपये ४० पैसे, आणि १५१ साड्यांत ३६,००० पुरे होतात. तुमच्या १६० गेल्या होत्या. म्हणजे गेल्या वर्षी सूट होती तोवर फक्त पिको-फॉलचे ७८ रुपये घेतले असते, तर फ्लेक्सचा खर्च जवळजवळ निघून तुम्ही नेहमीच्या जागेवर राहिला असता. पिको-फॉल मोफत देणं हीसुद्धा एक सूटच आहे आणि तुम्ही ती वर्षभर देत आहात. दिवाळीत तिच्यावर दुसरी सूट चढली.

हे मी लगेच करा म्हणून सांगत नाही. १४० रुपयांची सूट दिली आणि ७८ परत घेतले तर गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ६२ च कमी झाले, आणि बायका हे काउंटरवर उभ्या उभ्या मोजतात. तुमच्याकडे वर्षानुवर्षं येणारीला पिको-फॉलचे पैसे मागितले तर तिला लागेल. तेवढ्या कमी सूटीत १६० साड्या गेल्याही नसत्या कदाचित. पण खरेदीचा भाव तोच असताना सूट आणि मोफत पिको-फॉल ही दोन्ही सरसकट प्रत्येक साडीवर कधीही देऊ नका.

जास्तीच्या साड्या कुठून येतात हेही नीट पाहायला हवं. सूटीत गेलेली प्रत्येक जास्तीची साडी नवं गिऱ्हाईक घेऊन येत नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते, आणि ज्या घरात मार्गशीर्षात कार्य आहे ते आहेराच्या पाच-सहा साड्या सूट बघून दिवाळीतच उचलतात. त्या डिसेंबरात पूर्ण भावात गेल्या असत्या. हे ओळखायचं कसं? तुमच्या बिलबुकात. गेल्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापासून पुढच्या महिनाभरात याच साडीचे किती नग गेले ते मोजा, आणि त्याच्या आदल्या वर्षीचेही मोजा. समजा आदल्या वर्षी ९० गेले आणि गेल्या वर्षी ७५, तर तुमच्या चाळीस जास्तीच्या साड्यांतल्या पंधरा जास्तीच्या नव्हत्याच. त्या फक्त महिनाभर आधी आणि १३८ रुपये ६० पैसे कमी घेऊन गेल्या. मग खड्डा मी मोजला त्याहून खोल आहे. तारखा बघताना इंग्रजी नाही, मराठी महिने धरा, कारण दिवाळी दर वर्षी मागे-पुढे होते.

समोरच्या पाटीबद्दल. २० टक्के ही किंमत नाही. ते कशावरून वीस टक्के कमी करतात हे कळल्याशिवाय त्या पाटीला काहीच अर्थ नाही. त्यांच्या साडीवर १,७५० चं लेबल असेल तर २० टक्के जाऊन ती १,४०० लाच येते. घरातल्या कुणाला तरी पाठवा, तुमच्यासारखाच पोत, काठ आणि लांबीची साडी सूट जाऊन केवढ्याला पडते ते विचारून या, आणि पिको-फॉल त्यात आहे का हेही. मग तुमच्या १,४०० शी तुलना करा. तुम्ही स्वतः मात्र लेबल वाढवून सूट दाखवू नका. नेहमीच्या विक्रीच्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणं ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बार्शीएवढ्या गावात तुमचा नेहमीचा भाव बायकांना पाठ असतो. त्यांची साडी खरोखर १,१२० ला असेल आणि माल तोच असेल, तर त्यांची खरेदी तुमच्यापेक्षा स्वस्त आहे, आणि ती लढाई तुम्ही विक्रीच्या भावावर जिंकणार नाही. ती खरेदीत जिंकायची.

म्हणून यंदाचं पार्सल मागवण्याआधी व्यापाऱ्याशी वटावाचं बोला. दिवाळीच्या मालाचं बिल रोखीने किंवा ठरलेल्या तारखेला देते म्हणा आणि बिलातच ५ टक्के वटाव मागा. ९४० चे ८९३ होतील, जीएसटी ४४ रुपये ६५ पैसे, भाडं-हमाली १३. साडी ९५० रुपये ६५ पैशांना पडेल. साडीमागे ४९ रुपये ३५ पैसे वाचले. एवढी रक्कम तुम्ही गिऱ्हाइकाला सोडलीत तरी तुमचे ३०० च राहतात आणि एकही जास्तीची साडी विकायची गरज पडत नाही. १,४०० ची साडी १,३५० ला.

रोखीचे पैसे कुठून आणू, असं तुम्ही म्हणाल. ते तुमच्या कपाटात आहेत.

त्या ६० जुन्या साड्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि २० टक्क्यांची पाटी लावायची तर ती त्यांच्यावरच लावा. नव्या साडीवर सूट देताना आपण विचारतो, ही पूर्ण भावात गेली असती का? बहुतेक गेली असती, म्हणून खड्डा पडतो. दोन दिवाळ्या न गेलेल्या साडीबद्दल त्याच प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. तिथे सोडायला ३०० रुपये नाहीतच, कारण ते येणारच नव्हते. ती १,१२० ला गेली, पिको-फॉल दिलं नाही, तर पिशवी आणि कर जाऊन १,१०० रुपये ८० पैसे रोख हातात येतात. चाळीस जरी गेल्या तरी ४४,००० च्या वर. गेल्या वर्षी हे पैसे हातात असते तर बिल वेळेवर भागलं असतं आणि दीड टक्क्याचं व्याजही लागलं नसतं. साठ साड्यांत अडकलेल्या ६०,००० वर त्या दराने महिन्याला ९०० रुपये होतात. आणि त्या १,१०० रुपयांत एक नवी साडी येते, जी दोन महिन्यांत जाऊन तुम्हाला ३०० देते. जुनी साडी कपाटात राहून काहीच देत नाही, फक्त घडीवर पिवळी पडते.

फक्त त्या साड्या वेगळ्या मांडा. दाराजवळ एक स्टँड, त्यावर स्पष्ट पाटी, "या स्टँडवरील साड्यांवर २० टक्के सूट, पिको-फॉलचे वेगळे". गादीवर नव्या मालात मिसळू नका, नाहीतर मुलींना काउंटरवर वाद घालत बसावं लागेल आणि शेवटी नवीवरही सूट द्यावी लागेल. घडी मोडून बघा, घडीच्या रेषेवर विरलेली किंवा डाग पडलेली असेल तर तसं सांगून द्या. तुळशीच्या लग्नापर्यंत ज्या जाणार नाहीत त्यांचा भाव आणखी खाली आणा. हजाराच्या खाली आलं तरी हरकत नाही. त्या साडीचे हजार रुपये तुम्ही दोन वर्षांपूर्वीच दिलेले आहेत. आज ती केवढ्याला जाईल एवढंच बघायचं.

नव्या मालावर काहीच दिलं नाही तर दुकान रिकामं दिसेल ही तुमची भीती मला समजते. म्हणून भावाला हात न लावता देता येईल असं काही द्या. ओटीला ब्लाउजपीस दिवाळीत आणि लग्नसराईत लागतोच. घाऊक ३५ रुपयांना चांगला मिळाला तर तो साडीबरोबर द्या. साडीमागे ३०० चे २६५ होतील, आणि नेहमीइतके पैसे राहायला १३६ साड्या पुरतील. म्हणजे पंधरा दिवसांत सोळा जास्त, दिवसाला एक. गेल्या वर्षी लागत होत्या १०४. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू पडते आणि १,४०० हा भाव तसाच टिकतो. पुढच्या महिन्यात "दिवाळीत तर १,२६० ला दिली होती" हे ऐकावं लागत नाही.

दिरांना सूटच हवी असेल तर ती दुसऱ्या साडीवर द्या. पहिली पूर्ण भावात, दुसरीवर १० टक्के. एकच घ्यायला आलेल्या बाईने दोन घेतल्या तर तुम्हाला १६१ रुपये ४० पैसे जास्तीचे मिळाले. दोन घ्यायलाच आली होती तर १३८ रुपये ६० पैसे गेले. हिशेबाने दहा जोड्यांपैकी निदान पाच जणी एकीसाठी आलेल्या असायला हव्यात. मुलींना सांगून ठेवा की साडी दाखवायला घेताना "किती हव्यात?" हे आधी विचारायचं आणि उत्तर बिलाच्या कोपऱ्यात लिहायचं. पहिल्या चार दिवसांची बिलं बघा. दहात पाच येत नसतील तर पाचव्या दिवशी ही योजना बंद करा.

हे सगळे आकडे तुमच्या १,४०० च्या साडीचे आहेत. २,८०० ची भारी साडी किंवा ६०० ची रोजची साडी यांवर चढवण्याचं प्रमाण वेगळं असेल, तर प्रत्येकीचं एक पान वेगळं काढा. स्वस्त साडीवर पिको-फॉलचे ७८ रुपये किती जड जातात ते बघून तुम्हाला धक्का बसेल. नियमित जीएसटी भरणाऱ्या वाचकांनी विक्रीतून आणि खरेदीतून, दोन्हीकडून कर वगळून हाच हिशेब करावा.

दिरांना हे पत्र दाखवण्याआधी त्यांच्या हातात कागद-पेन द्या आणि १,१२० मधून एकेक खर्च त्यांनाच वजा करायला सांगा. माल, पिको-फॉल, पिशवी, कर. २२ रुपये ८० पैशांपर्यंत ते स्वतःच येतील. मग त्यांना सुरतेला फोन लावायला बसवा, वटावाचं बोलायला. आणि घटस्थापनेच्या आधी तो स्टँड दाराशी लागलेला असू द्या, म्हणजे दिवाळीच्या पार्सलसाठी लागणारी निदान निम्मी रोख तरी तोवर हातात आलेली असेल.